वीस टक्क्यांचा उतारा

वाल्मिक ढाकणे साखर कारखान्यात लॅब केमिस्ट होते. संगमनेरला कॉलेजच्या मागच्या बाजूला त्यांचं घर, आणि तिथून मोटरसायकलवर कारखाना. मूळ गाव तिसगाव. आईबाप ऊसतोडीला जायचे, पाचटाच्या कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत, वाढलेला हा मुलगा बी.एस्सी. झाला आणि ज्या उसाच्या मोळ्या आईनं डोक्यावर वाहिल्या त्याच उसाच्या रसाची तपासणी करायला पांढरा कोट घालून बसला. त्यांना या गोष्टीचा अभिमान होता, पण तो ते बोलून दाखवत नसत.

बोलून दाखवायचे ते एकच. नाक. रसाच्या टाकीजवळून नुसतं चालत गेले तरी सांगायचे, "हा ऊस तोडून पडून होता. आंबट वास येतोय." मागाहून लॅबमधले आकडे तेच सांगायचे. गळीत हंगामात नवीन पोरं त्यांची गंमत करायची, की ढाकणे साहेबांना मशीन कशाला लागतंय.

कॉफी त्यांच्या आयुष्यात उशिरा आली. मुलगी मोनिका नोकरीसाठी बेंगळुरूला गेली आणि पहिल्या सुट्टीत येताना चिकमगळूरच्या दाण्यांची एक पिशवी घेऊन आली. घरात तोवर चहाच. वाल्मिकरावांनी पिशवीत नाक घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही. "अगं, यात सुकलेलं संत्र आहे," ते म्हणाले. "आणि भाजलेला शेंगदाणा. आणि काहीतरी आमच्या गावच्या गुऱ्हाळासारखं." राजेश्वरीबाई, त्यांच्या पत्नी, हसल्या. त्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांना त्यात फक्त कॉफीचा वास आला होता.

मग हळूहळू ओट्याचा एक कोपरा कॉफीचा झाला. हातानं फिरवायचा ग्राइंडर, दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, बारीक चोचीची किटली, कागदी गाळण्या. अहिल्यानगरचे कल्याण गुगळे त्यांना याच नादातून भेटले. त्यांचं विजेच्या सामानाचं दुकान होतं आणि ते घरीच दाणे भाजायचे. रविवारी बस पकडून ते संगमनेरला यायचे, सोबत ताज्या भाजणीचे दोन-तीन पुडे. दोघं कप मांडून बसायचे. राजेश्वरीबाई मधूनच येऊन एक घोट घ्यायच्या आणि "हा बरा, तो नको" असा निकाल देऊन जायच्या. बिनदुधाची, बिनसाखरेची कॉफी प्यायला त्या अशाच शिकल्या. नवऱ्याला त्याचं भारी कौतुक होतं.

पन्नाशीला मोनिकानं त्यांना कॉफीचा रिफ्रॅक्टोमीटर पाठवला. खोकं उघडून वाल्मिकराव मोठ्यानं हसले. दिवसभर कारखान्यात तेच तर करायचे, रसाचा थेंब काचेवर ठेवायचा आणि ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, वाचायचा. तत्त्व तेच. पाण्यात काही विरघळलं की त्यातून जाणारा प्रकाश जास्त वाकतो, आणि किती वाकला त्यावरून किती विरघळलं ते कळतं. फक्त कारखान्यातलं यंत्र साखरेच्या मापात बोलायचं आणि हे कॉफीच्या. कॉफी पातळ असते, शंभरात दीडभागही नाही, म्हणून हे दोन दशांशांपर्यंत नेमकं दाखवायचं.

"बघा कल्याणशेठ," त्यांनी पहिल्याच रविवारी समजावलं होतं. "अठरा ग्रॅम पूड घेतली. तीनशे ग्रॅम पाणी ओतलं. चोथ्यानं छत्तीसेक पिऊन ठेवलं, खाली दोनशे चौसष्ट उतरलं. आता यंत्र म्हणतंय टीडीएस एक पॉइंट छत्तीस. म्हणजे शंभर ग्रॅम कॉफीत एक पॉइंट छत्तीस ग्रॅम विरघळलेला माल. दोनशे चौसष्टमध्ये किती?"

"साडेतीनच्या वर काहीतरी."

"तीन पॉइंट एकोणसाठ. हे आलं अठरा ग्रॅममधून. म्हणजे वीस टक्के. आमच्याकडे उसातून साखरेचा उतारा काढतात ना, तसाच हा पुडीतून कॉफीचा उतारा. टीडीएस सांगतो कप किती दाट आहे, आणि उतारा सांगतो पुडीतून किती काढून घेतलं. दोन वेगळ्या गोष्टी. अठराच्या खाली गेलं तर बहुतेक वेळा आंबट, कच्चं. बाविसाच्या वर गेलं तर कडवट, घसा कोरडा करणारं."

"आणि मधे असलं म्हणजे चांगलीच?"

"असं कुठाय," वाल्मिकराव म्हणाले होते. "ते नाकानं बघायचं."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्यांना ताप आला. दवाखान्यात जावं लागलं नाही, घरीच बरे झाले. अंगात ताकद आली, खोकला गेला, आणि एका सकाळी कॉफीचा डबा उघडून त्यांनी नाक घातलं तर आत काहीच नव्हतं. डबा भरलेला होता. वास नव्हता.

सगळ्यांनी सांगितलं, येईल. महिन्यात येईल, सहा महिन्यांत येईल. नाशिकच्या डॉक्टरांनी गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरीच्या चार बाटल्या दिल्या, रोज दोनदा हुंगा म्हणाले. वाल्मिकराव डोळे मिटून हुंगत बसायचे. चारही बाटल्यांत थंड हवा. पुढे डॉक्टरांनीच सांगितलं, इतका काळ गेल्यावर फारशी आशा धरू नका. जिभेवर गोड आणि खारट तेवढं कळायचं. आंबट आणि कडू एकमेकांत मिसळून पत्र्याचा तुकडा चघळल्यासारखं काहीतरी व्हायचं. कॉफी म्हणजे पत्र्याचं गरम पाणी.

कारखान्यात मळीच्या टाकीकडून वारा सुटला की सगळे नाकाला रुमाल लावायचे. कुणीतरी म्हणायचं, "साहेब सुटले बुवा." तेही हसायचे. एकदा घरी दूध उतू जाऊन पार करपलं आणि ते शेजारीच पेपर वाचत बसले होते. राजेश्वरीबाई फाटकापाशीच वास आला म्हणून धावत आल्या. तिसगावला गेले तर आई बनुबाईनं त्यांच्या आवडीचं शेंगोळ्याचं कालवण केलं. चार घास खाऊन ते थांबले.

"का रं? न्हाई आवडलं?"

"आवडलं की."

"मग खा ना. तोंड का असं करतो? म्या काय इसारले का काय करायला?"

आईला सांगून काही उपयोग नव्हता. तिला वाटायचं पोराचं मन उडालं. त्यांनी पाणी पीत पीत ताट संपवलं. मोटरसायकलवर बसल्यावर त्यांना रडू आलं. आईच्या लुगड्याचा वासही त्यांना आला नव्हता आणि तो आपल्याला आठवतही नाही, हे त्यांच्या तिथं लक्षात आलं होतं.

त्या दिवसांत त्यांनी यंत्राला धरून ठेवलं. दुसरं धरायला काही नव्हतंच. आधी थेंबभर डिस्टिल्ड पाणी टाकून शून्य लावायचं. काच कोरडी करायची. कॉफी खालच्या भांड्यात उतरली की नीट ढवळायची, कारण पहिली धार दाट असते आणि शेवटची पातळ. मग थोडी लहान वाटीत काढून झाकून गार करायची, झाकण ठेवलं नाही तर वाफ उडून आकडा वर चढतो. नमुना आणि यंत्र दोन्ही खोलीच्या उष्णतेला आले की थेंब टाकायचा. एक पॉइंट छत्तीस. वीस टक्के. एवढं झालं की छातीवरचं ओझं उतरल्यासारखं व्हायचं. मग ते राजेश्वरीबाईंकडे बघायचे.

"कशी झालीय?"

"छान. नेहमीसारखी."

कल्याणशेठ आले की तेही कप उचलायचे. "आकडा मस्त लागलाय," म्हणायचे. पुढे त्यांचं येणं कमी झालं. दुकानात गर्दी असते, ते सांगायचे.

मधे काही काळ आकडा खाली घसरत होता. सतरा टक्के, साडेसतरा. वाल्मिकरावांनी दळण आणखी बारीक केलं, पाणी अगदी उकळतं घेतलं, पूड जास्त ढवळली. आकडा पुन्हा विसावर आला. त्या दिवशी ते दिवसभर खुशीत होते. नाक गेलं तरी हात गेला नाही, असं त्यांना वाटलं.

मग तो रविवार आला. कॉफी उतरली आणि तेवढ्यात कारखान्यातून फोन आला, रसाच्या एका नमुन्याबद्दल काही शंका होती. बोलत बोलत त्यांनी कॉफी दोन कपांत ओतून टाकली, स्वतःचा कप पिऊनही टाकला. फोन ठेवल्यावर आठवलं, नमुना काढायचा राहिला. राजेश्वरीबाई मागच्या दारी शेजारणीशी बोलत होत्या. त्यांचा अर्धा कप ओट्यावर होता. वाल्मिकरावांनी त्यातली थोडी वाटीत घेतली, गार केली, थेंब टाकला.

सहा पॉइंट दोन.

ते यंत्राकडे बघत राहिले. काच पुसली, डिस्टिल्ड पाण्यानं शून्य लावलं, शून्य बरोबर आलं. पुन्हा थेंब टाकला. सहा पॉइंट दोन. त्यांनी सवयीनं हिशेब केला. उतारा नव्वद टक्क्यांच्या पुढे गेला. पण दाण्यातला निम्म्याहून जास्त भाग तर लाकडासारखा असतो, कितीही उकळा, तिसेक टक्क्यांच्या वर पाण्यात उतरतच नाही. मग हे आलं कुठून?

यंत्राला फक्त प्रकाश किती वाकला ते कळतं. कशानं वाकला हे कळत नाही. ज्यानं आयुष्यभर रसातली साखर मोजली, त्याला पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. कॉफीचे एक पॉइंट छत्तीस बाजूला काढले आणि उरलेलं साखरेच्या मापात आणलं, तर पावणेसहा टक्क्यांच्या आसपास येत होतं. एवढ्या कपाला दोन चमचे.

राजेश्वरीबाई आत आल्या. त्यांनी वाटी पाहिली, यंत्र पाहिलं, नवऱ्याचा चेहरा पाहिला.

"साखर घालतेस?" त्यांनी विचारलं.

त्यांनी ओट्यावरचा कप उचलला.

"राजेश्वरी, मी काय विचारतोय? कधीपासून?"

"झाले बरेच महिने," त्या म्हणाल्या. "तुम्ही काटा पुसायला वळता ना, तेव्हा."

"का पण?"

"का म्हणजे? पिववत नाही म्हणून."

"वीस टक्के हाय ती!" ते ओरडले. रागात त्यांच्या तोंडात तिसगाव यायचं. "रोज वीस टक्के हाय. म्या मोजतो. पिववत न्हाई म्हंजे काय?"

"मला तुमचे टक्के कळत नाहीत. एकाच घोटात आंबटही लागते आणि जळक्या गोणपाटासारखी कडूही. आधी असं नव्हतं." त्यांनी कप पुन्हा ओट्यावर ठेवला. "तुम्ही किती आशेनं बघायचात माझ्याकडे. त्या आकड्यावर तुमचा दिवस चालला होता. कसं सांगणार होते मी?"

वाल्मिकराव खाली बसले. तिथंच, फरशीवर, ओट्याला पाठ टेकून.

त्याच दुपारी त्यांनी कल्याणशेठना फोन केला आणि सरळ विचारलं. "वाल्मिकराव, तुम्हाला काय सांगणार होतो," कल्याणशेठ म्हणाले. "माणूस पडलेला असताना त्याला लाथ कशी मारायची?"

पुढच्या रविवारी ते आले. ग्राइंडर हातात घेऊन त्यांनी दांडा हलवला, तो आत खुळखुळला. मग थोडी कॉफी दळून पांढऱ्या कागदावर पसरली. कागदावर एकाच वेळी मैदाही होता, रवाही होता आणि भरडही.

वाल्मिकराव बघताक्षणी समजले. मैद्यातून गरजेपेक्षा कितीतरी जास्त उतरत होतं, कडवट, नकोसं सगळं. भरड आतून कोरडीच राहत होती, तिचं आंबट तेवढं बाहेर येत होतं. दोन्ही एका भांड्यात उतरलं की सरासरी वीस. कारखान्यातही चार गाड्यांचा रस एका नमुन्यात मिसळला की एखादी नासकी गाडी बाकीच्यांत दडून जाते. हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं. ग्राइंडरचे दाते सैल झाल्यामुळे आकडा घसरला होता, आणि बारीक दळून, उकळतं पाणी ओतून त्यांनी तो ओढून ताणून विसावर आणला होता. आकडा आला. कॉफी आली नाही. पूर्वी एका हुंगण्यात कळलं असतं.

"दाते बदलून टाकू," कल्याणशेठ म्हणाले. "साधी गोष्ट आहे."

दाते बदलले. दोघांनी मिळून पुन्हा सगळं लावलं, दळण थोडं जाड, पाणी जरा कमी गरम. कागदावर पूड एकसारखी पडली. नमुना गार झाला, थेंब पडला. एक पॉइंट छत्तीस. वीस टक्के. अगदी आधीसारखाच आकडा.

राजेश्वरीबाईंनी घोट घेतला. "आता बरी आहे," त्या म्हणाल्या. "खरंच बरी आहे हो. पूर्वीसारखी." कल्याणशेठनीही मान डोलावली, डोळे मिटून.

वाल्मिकरावांनी दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. हेच चेहरे होते. हेच शब्द होते. यंत्र वाईट कॉफीलाही वीस म्हणालं होतं आणि चांगलीलाही वीस म्हणत होतं, आणि माणसं दोन्हीला छान म्हणत होती. त्यांनी स्वतःचा कप उचलला. पत्र्याचं गरम पाणी.

"चांगलं झालं," ते म्हणाले आणि भांडी विसळायला उठले.

त्यानंतर त्यांना एक वाईट सवय लागली. राजेश्वरीबाई शाळेत गेल्या की त्यांच्या कपाच्या तळाशी उरलेला थेंब ते यंत्रावर टाकून बघायचे. साखर नसायची. आकडा थोडा चढलेला असायचा, पण तो उघड्या कपातून वाफ गेल्यामुळे, हे त्यांना कळत होतं. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचे. साखर नाही याचा अर्थ कॉफी चांगली आहे असा होत नाही, हेही त्यांना कळत होतं. कदाचित ती आता नुसतीच सोसत असेल.

एक दिवस शाळेची बस चुकली म्हणून राजेश्वरीबाई परत आल्या. नवरा त्यांचा कप तिरपा करून थेंब काढत होता.

त्या दारातच उभ्या राहिल्या. "माझी उष्टी तपासताय?"

"तसं नाही गं."

"कसं नाही? कारखान्यात उसात माती किती म्हणून बघता तसं माझं बघताय." त्या रडत नव्हत्या, ते जास्त वाईट होतं. "मी खोटं बोलले. कबूल. पण ते तुमच्यासाठी बोलले. तुम्ही हे कुणासाठी करताय?"

"मला कळायला दुसरा मार्ग नाही, राजेश्वरी. मला काहीच कळत नाही. तू सांगशील तेच खरं. आणि तू..."

"आणि मी खोटारडी. बरोबर." त्यांनी नवऱ्याच्या हातातून कप घेतला आणि धुऊन पालथा घातला. "उद्यापासून मी चहा घेईन. माझा मी करीन."

वाल्मिकरावांनी दुसऱ्या दिवशी फक्त स्वतःपुरती कॉफी केली. मोजली. वीस. पिववेना. त्यांनी ती सिंकमध्ये ओतली आणि त्यानंतर किटली कपाटावर गेली. दाण्यांच्या पुड्या तशाच राहिल्या. ते कामावर जायचे, ब्रिक्स वाचायचे, घरी येऊन टीव्हीसमोर बसायचे. लॅबमधल्या नव्या पोरानं एकदा रसाचा नमुना त्यांच्यासमोर धरला, "सर, हा आंबलाय का बघा ना." त्यांनी नमुना घेतला, नाकाजवळ नेला, आणि मग त्याला सांगितलं, "पीएच लाव."

घरात बोलणं होत होतं, पण कामापुरतं. गॅस आला का, लाइटबिल भरलं का. सगळ्या संसारात त्यांचं भांडण कधी रात्र ओलांडून गेलं नव्हतं. हे भांडणच नव्हतं, म्हणून मिटवायचं कसं ते दोघांनाही कळेना.

दिवाळीला मोनिका आली. आल्या आल्या तिनं ओट्याचा रिकामा कोपरा पाहिला. आईनं तिला सगळं सांगितलं असावं, कारण पाडव्याच्या सकाळी तिनं काहीच न विचारता कपाटावरची किटली काढली आणि वडिलांसमोर ठेवली.

"पप्पा, कॉफी करा."

"तू कर ना. मला काय कळतंय त्यात."

"मी तुमच्या हातची प्यायला आलेय."

त्यांनी केली. किती दळायचं याचा अंदाज मोडला होता, दाते जाडसर लागले असावेत. यंत्राला त्यांनी हातही लावला नाही. मोनिकानं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "पप्पा, ही पातळ आहे. आणि कच्ची. लिंबू पिळल्यासारखी आंबट."

राजेश्वरीबाईंनी स्वयंपाकघरातून चमकून पाहिलं.

वाल्मिकराव उठले. शून्य लावलं. कॉफी ढवळली, नमुना झाकून गार केला, थेंब टाकला. एक पॉइंट बारा. त्यांनी बोटांवर हिशेब केला, मग पुन्हा केला. "साडेसोळाच्या आत," ते म्हणाले. "बरोबर आहे तुझं. अगदी बरोबर आहे."

त्यांनी दळण बारीक केलं. दुसरा कप केला. मोनिका म्हणाली, "आता आंबट गेलं, पण शेवटी जरा कडू येतंय." आकडा बावीस पॉइंट तीन. तिसऱ्याला ती थांबली, पुन्हा घोट घेतला. "ही." एकविसाच्या थोडं खाली.

त्या चार दिवसांत वाल्मिकराव रोज कॉफी करत होते. मुलगी नावं ठेवायची आणि यंत्र तिला दुजोरा द्यायचं. शंकाच घ्यायला जागा नव्हती. भाऊबीज झाली आणि तिला निघावं लागलं. पुण्याच्या बसमध्ये बसवून ते घरी आले तेव्हा ओट्यावर तिचा कप तसाच होता. त्यांनी तो धुतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजेश्वरीबाई स्वयंपाकघरात आल्या. चहाचं आधण ठेवलं नाही. खुर्ची ओढून बसल्या.

"मलाही करा," त्या म्हणाल्या.

वाल्मिकरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग दाणे मोजले, दळले, पाणी ओतलं. काल मोनिकाला आवडलेलं तेच सगळं, तेवढंच. भांड्यात उतरलेली कॉफी ढवळून त्यांनी नमुना बाजूला ठेवला आणि कप पुढे केला. राजेश्वरीबाईंनी घोट घेतला. थोडा विचार केला. परीक्षेत उत्तर लिहिण्याआधी मुलं करतात तसा.

"आज कडू आहे जरा," त्या म्हणाल्या. "शेवटी."

वाल्मिकरावांनी थेंब टाकला. कालचाच आकडा. दुसऱ्या दशांशापर्यंत कालचाच.

ते आकड्याकडे बघत उभे राहिले. मोनिकानं नावं ठेवल्यावर बापाला बरं वाटलं, हे राजेश्वरीनं पाहिलं होतं. म्हणून ती नावं ठेवत असेल. किंवा आज दळण कुठंतरी कमीजास्त पडलं असेल, मैदा जास्त झाला असेल आणि सरासरीनं तो झाकला असेल, आणि ती खरंच सांगत असेल. आकडा दोन्हींत तोच आला असता. तिच्या चेहऱ्यात उत्तर शोधायला ते वळले. ती त्यांच्याकडेच बघत होती, ते पूर्वी तिच्याकडे बघायचे तशी, आशेनं.

त्यांनी यंत्र बंद केलं.

"हो," ते म्हणाले. "जास्तच उतरलंय वाटतं. उद्या पाणी जरा कमी गरम घेतो."

राजेश्वरीबाईंनी मान हलवली आणि कप संपवला. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, आज बरी आहे. वाल्मिकरावांनी पाणी आदल्या दिवशीइतकंच गरम घेतलं होतं. ते डब्याला झाकण लावून कामावर निघाले. गळीत हंगाम सुरू झाला होता आणि रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती.